ग्वाल्हेर किल्ल्याची मराठी ऑडिओ टूर: संहितेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेर दरवाजापासून मानमंदिर महालापर्यंतच्या चढाची ही संहिता मी लिहिली आहे. ऐकणारे एक विचारतात आणि आपल्या गावच्या किल्ल्यासाठी अशी संहिता लिहू पाहणारे दुसरंच विचारतात. दोघांचीही उत्तरं इथे एकत्र दिली आहेत, कारण बहुतेक वेळा ती शेवटी एकाच जागी येऊन मिळतात.

टूर कुठून कुठपर्यंत आहे? किती वेळ लागतो?

गडाच्या ईशान्येला पायथ्याशी असलेल्या आलमगिरी दरवाजापासून, म्हणजे ज्याला आपण सगळे ग्वाल्हेर दरवाजा म्हणतो तिथून, ती सुरू होते आणि मानमंदिराच्या तळघरात संपते. थांबे सात: आलमगिरी दरवाजा, बादलगढ दरवाजा, गणेश दरवाजा, चतुर्भुज मंदिर, मानमंदिराच्या पूर्व भिंतीखालचा रस्ता, हत्तीपोळ आणि मानमंदिर. थांब्यांवरचं बोलणं मिळून 22 मिनिटं आहे आणि वाट दाखवणाऱ्या छोट्या फिती आणखी 3 मिनिटांच्या. ऐकायचं एवढंच. चालायला मात्र धडधाकट माणसाला वीसेक मिनिटं लागतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पस्तीस. बघणं, टेकणं, पाणी पिणं धरून दीड तास हाताशी ठेवा.

गुजरी महाल पायथ्याशीच आहे, पण तो टूरमध्ये नाही. आत संग्रहालय आहे, त्याला स्वतंत्र दोन तास हवेत आणि ते सोमवारी बंद असतं. आधी महाल बघून मग चढायला लागलेले लोक गणेश दरवाजापर्यंतच दमून जातात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

उरवाई दरवाजाने गाडी थेट वर जाते. मग पायी चढच का निवडला?

कारण हा किल्ला चढणाऱ्यासाठी रचला आहे. पूर्वेच्या वाटेवर एकामागून एक दरवाजे लागतात आणि मग मानमंदिराची भिंत डोक्यावर उभी राहते. गाडीने गेलं तर तोच महाल आपल्या पातळीवर, बाजूने दिसतो आणि त्याची उंची कळतच नाही. उरवाईकडच्या वाटेवर 15 व्या शतकातल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत. त्या आवर्जून बघाव्यात, पण गाडीतल्या माणसासाठी संहिता वेगळी लिहावी लागते. तिथे आपण ठरवू त्या जागी थांबता येईलच असं नाही.

संहितेत "डावीकडे", "उजवीकडे" का नाही? सारखं "शहराची बाजू" आणि "कड्याची बाजू" असं का म्हणता?

पहिल्या खर्ड्यात सगळीकडे डावं-उजवं होतं. तो खर्डा घेऊन मी शेजारच्या काकूंबरोबर चढलो. त्यांच्या कानात आवाज होता आणि मी दहा पावलं मागून त्या कुठे बघतात ते टिपत होतो. चढावर माणूस सरळ उभा राहत नाही. दम घ्यायला थांबला की आपसूक शहराकडे वळतो, कारण वारा तिकडून येतो आणि टेकायला कठडाही तिकडेच असतो. काकूही वळल्या. तेवढ्यात आवाज म्हणाला, "उजवीकडे वर पाहा." त्यांनी उजवीकडे पाहिलं, तर खाली उतरणारा रस्ता आणि त्यावरून येणारी शाळेची मुलं. पुढचं मिनिटभर त्या महालाच्या भिंतीचं वर्णन ऐकत होत्या आणि नजर मुलांवर होती. वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, "ती निळी फरशी कुठे होती म्हणे?"

डावं-उजवं ऐकणाऱ्याच्या अंगाला चिकटलेलं असतं. तो वळला की तेही वळतं. कडा आणि शहर मात्र हलत नाहीत. या चढावर एका अंगाला उभा खडक आणि दुसऱ्या अंगाला जुनं ग्वाल्हेर, अशी सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. पहिल्याच थांब्यावर पंधरा सेकंद खर्चून ऐकणाऱ्याला या दोन बाजू दाखवल्या की पुढे चुकायला वाव राहत नाही, आणि उतरतानाही तेच शब्द चालतात. सपाटीवरच्या किल्ल्यात कडा नसतो. तिथे तट, तळं, मोठं झाड, झेंड्याचा खांब असं जे कुठूनही दिसेल ते धरावं. मुख्य दिशा, म्हणजे पूर्व-पश्चिम, फार थोड्यांना जागेवर उमगतात. सकाळी सूर्य समोर असेल तेव्हाच मी "पूर्वेला" म्हणतो.

चालताना गोष्टी का सांगत नाही? मधली शांतता रिकामी वाटते.

चढताना माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो आणि पायाखाली झिजलेला दगड असतो. त्याच वेळी कानात सनावळी ओतली तर दोन गोष्टी होतात. एक तर तो ऐकत नाही, किंवा ऐकतो आणि ठेचकाळतो. म्हणून चालण्याच्या फितीत तीनच गोष्टी ठेवल्या आहेत: कुठे जायचं, वाटेत काय सांभाळायचं आणि पोचलात हे कशावरून ओळखायचं. नमुना म्हणून बादलगढ ते गणेश दरवाजाची फीत पाहा:

"आता दरवाजातून बाहेर पडा आणि चढत राहा. कड्याच्या बाजूने चाला, मधला दगड गुळगुळीत झाला आहे. घाई नाही. पुढचा दरवाजा आला की त्याच्या सावलीत थांबा आणि पुढची फीत लावा. तोवर मी गप्प राहतो."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. ते नव्हतं तेव्हा लोकांना वाटायचं की फोन बंद पडला. ते खिशातून फोन काढून बघत बघत चढायचे, आणि या वाटेवर तेच सर्वांत धोक्याचं आहे.

प्रत्येक थांब्याला किती मिनिटं, हे कसं ठरवलं? एखादा थांबा उलगडून सांगाल का?

चतुर्भुज मंदिराचा थांबा घेऊ. गणेश दरवाजा ओलांडून लक्ष्मण दरवाजाकडे जाताना हे लहानसं विष्णुमंदिर लागतं. ते अखंड खडकात कोरलेलं आहे. आत विक्रम संवत 933 चा, म्हणजे इसवी सन 876 चा शिलालेख आहे. अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने हे मंदिर उभारलं. तेव्हा प्रतिहार राजा भोजाचं राज्य होतं. लेखात फुलबागेसाठी जमीन दिल्याची नोंद आहे: लांबी 270 हात, रुंदी 187 हात. बागेतून देवाला रोज 50 हार जावेत अशी व्यवस्था आहे. यातल्या 270 आणि 50 या आकड्यांत शून्य कोरलेलं आहे, लहानसं गोल. लोक येतात ते ते पाहायला.

आता हिशेब. रेकॉर्डिंगसाठी मी मिनिटाला साधारण 110 शब्द वाचतो. बातम्यांचा वेग याहून बराच जास्त असतो, पण बाहेर उभं राहून, एकीकडे काहीतरी बघत ऐकणाऱ्याला 110 पुरे होतात. या थांब्याचा मजकूर 270 शब्दांचा आहे (हा आकडा योगायोगाने जुळला, पण जुळल्यावर मी तो बदलला नाही). म्हणजे बोलणं जवळजवळ अडीच मिनिटं. त्यात दोन शांतता आहेत. पहिली 15 सेकंदांची, आतल्या अंधाराला डोळे सरावण्यासाठी, आणि दुसरी 20 सेकंदांची, तिचं कारण खाली येईल. एकूण झाली तीन मिनिटं. तीनहून जास्त वेळ माणूस इथे उभा राहत नाही, कारण जागा अरुंद आहे आणि मागे कोणीतरी खोळंबलेलं असतं. ही मर्यादा जागा घालते. लिहिणाऱ्याने ती मोजायची आणि मजकूर तेवढ्यात बसवायचा.

थांब्याचा गाभा असा आहे:

"तुमच्यासमोर आता खडकात कोरलेलं लहान मंदिर आहे. तसं दिसत नसेल तर फीत थांबवा आणि थोडं पुढे चाला.
आत डोकावा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.
(15 सेकंद शांतता)
भिंतीवर अक्षरांच्या ओळी दिसतात. हे दानपत्र आहे. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, तिची लांबी दोनशे सत्तर हात. हात म्हणजे आपलाच हात. तुमचा हात कोपरात वाकवा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, साधारण दीड फूट. असे दोनशे सत्तर एका बाजूला, म्हणजे चारशे पाच फूट. आणि दुसऱ्या बाजूला एकशे सत्त्याऐंशी, दोनशेला तेरा कमी. आता मागे वळा, शहराच्या बाजूला पाहा, आणि एवढी बाग मनाने खाली अंथरा.
(20 सेकंद शांतता)
त्या दोनशे सत्तरमधलं शेवटचं शून्य कोरणाऱ्याने इतर आकड्यांपेक्षा लहान काढलं आहे. त्याला त्यात विशेष काही वाटलं नसावं. तो बागेचं माप लिहीत होता."

दुसरी शांतता कशासाठी, ते आता लक्षात आलं असेल. आधीच्या खर्ड्यात मी शून्याचा गौरव करणारी चार वाक्यं लिहिली होती. लोक ती ऐकून मान डोलवायचे आणि पुढे चालू लागायचे. हात वाकवायला सांगितल्यापासून ते थांबतात. एकदा एक आजोबा आपला हात आणि नातवाचा हात शेजारी धरून कोणाच्या हाताने बाग मोठी होईल यावर बोलत होते. हजार वर्षांपूर्वी मापाला हीच अडचण येत असणार.

आकडे अक्षरांत का लिहिता? आणि "दोनशेला तेरा कमी" हे काय?

वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या संहितेत आकडा अंकांत असला की जीभ अडखळते, आणि सत्त्याऐंशी-शहाऐंशी यांत तर हमखास. शिवाय ग्वाल्हेरची आपली पुढची पिढी हिंदी माध्यमातून शिकली. घरी मराठी बोलतात, पण गणित "सतासी"ने करतात. कानावर पडलेलं सत्त्याऐंशी त्यांना क्षणभर थांबून उलगडावं लागतं, आणि त्या क्षणात पुढचं वाक्य निघून जातं. म्हणून अवघड संख्येला लगेच एक सोपा टेकू दिला आहे. सनांना हा त्रास फारसा होत नाही.

"जगातलं पहिलं शून्य" असं स्पष्ट का म्हणत नाही? सगळे तसंच सांगतात.

कारण ते खरं नाही. कंबोडियातल्या एका शिलालेखात इसवी सन 683 चं, म्हणजे याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं, टिंबाच्या रूपातलं शून्य आहे. आपल्या चतुर्भुज मंदिरातलं शून्य हे भारतातल्या, तारीख पक्की असलेल्या सर्वांत जुन्या दाखल्यांपैकी एक आहे, तेही गोल आकाराचं आणि आजच्या शून्याशी मिळतंजुळतं. संहितेत एवढंच आहे. ऐकणारा उद्या कुठेतरी कंबोडियाबद्दल वाचणार, आणि तेव्हा त्याचा आपल्या सगळ्याच थांब्यांवरचा विश्वास उडेल. ती किंमत मोजायची माझी तयारी नाही.

मंदिराचं दार बंद असेल तर?

या थांब्याच्या दोन फिती आहेत. दार उघडं असेल तर `04a.mp3`, बंद असेल तर `04b.mp3`. दुसरीत अंधाराची पहिली शांतता नाही आणि "आत डोकावा" नाही. बाकी बाग तीच. बंद दारासमोर "आत पाहा" ऐकणं फार वाईट असतं. पुढच्या सगळ्या सूचना मग माणूस अर्धवट मनाने ऐकतो.

जागेवर पोचताच फीत आपोआप सुरू होईल असं का केलं नाही?

करून पाहिलं. सपाट मैदानात ते चांगलं चालतं. इथे पाचव्या थांब्याचा रस्ता मानमंदिराच्या पूर्व भिंतीला लागून, पण तिच्या खूप खालून जातो. नकाशावर पाहिलं तर रस्ता आणि महाल यांत काही पावलांचं अंतर. फोनला आडवं अंतर कळतं, उंचीचा अंदाज कच्चा असतो, आणि उभ्या कड्याशेजारी आकाश अर्धंच उघडं असल्याने जागाही इकडेतिकडे सरकते. परिणाम असा झाला की खाली रस्त्यावर धापा टाकणाऱ्या माणसाच्या कानात महालाच्या आतल्या चौकाचं वर्णन सुरू झालं. तेव्हापासून फीत हाताने लावायची, आणि प्रत्येक फितीचं पहिलं वाक्य समोर काय दिसायला हवं ते सांगणारं. चतुर्भुज मंदिराच्या उताऱ्यात ते तुम्ही पाहिलंत. हे एक वाक्य कितीही कंटाळवाणं वाटलं तरी गाळू नये.

सकाळीच जा असा आग्रह का?

पाचव्या थांब्यासाठी. मानमंदिराची ती बाजू पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी ऊन थेट भिंतीवर पडतं आणि उरलेली निळी फरशी चमकते. दुपारनंतर भिंत सावलीत जाते, निळा रंग दगडात मिसळून जातो, आणि "वर निळी रेघ शोधा" ही सूचना फुकट जाते. दुपारी येणाऱ्यांसाठी संहितेत तिथे फरशीऐवजी गोल बुरुजांबद्दल बोलावं का, यावर मी अजून काम करतो आहे. तोवर सकाळ.

हत्तीपोळेत हत्ती कुठे आहे?

हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि तेच बरोबर विचारतात. म्हणून सहावा थांबा याच प्रश्नाने सुरू होतो. इथे दगडाचा हत्ती होता. बाबर 1528 साली किल्ल्यावर आला तेव्हा त्याने तो पाहिला आणि आपल्या आठवणींत लिहून ठेवला: हत्तीची मूर्ती, वर दोन माहूत. आज ती नाही. मानसिंह तोमराचे महालही त्याने बारकाईने पाहिले. हिरव्या फरशीची केळीची झाडं त्याने टिपली, आणि आतल्या खोल्या त्याला काळोख्या, कोंदट वाटल्या.

नसलेली वस्तू ऐकवणं हे ऑडिओ टूरला जमतं. पाटीला ते तितकं जमत नाही. पण त्यासाठी ऐकणारा नेमक्या जागी उभा असायला हवा. म्हणून इथे चालण्याची फीत जरा लांब आहे, 40 सेकंदांची. ती त्याला दरवाजाच्या बाहेरच थांबवते, आत जाऊ देत नाही. आत गेल्यावर बाहेरचा हत्ती सांगितला तर कोणी मागे येत नाही.

आत गेल्यावर मात्र महालाची दक्षिण भिंत समोर येते आणि तिथे मी फार कमी बोलतो. पिवळ्या बदकांची रांग शोधा, हत्ती शोधा, मगर शोधा, केळ शोधा, एवढंच. मध्ये लांब शांतता. ज्या भिंतीवर बघायला इतकं आहे तिथे वर्णन करणं म्हणजे दुसऱ्याचं ताट आपण जेवणं.

तळघरात फीत बंद ठेवायला का सांगता?

जिना अरुंद आणि वळणाचा आहे, आणि खाली अंधार आहे. दोन्ही कानांत बोंडं घातलेल्या माणसाला समोरून वर येणाऱ्याची चाहूल लागत नाही. म्हणून जिन्याच्या तोंडाशी फीत संपते: "एका कानातलं बोंड काढा, टॉर्च लावा, भिंतीला हात धरून उतरा. गोल खोलीत पोचलात की पुढची फीत लावा." खाली सगळं घुमतं, दुसऱ्या गटाचा वाटाड्या बोलत असेल तर आपला आवाज त्यात बुडतो. त्यामुळे तिथला मजकूर तुटक, लहान वाक्यांचा ठेवला आहे. मधलं एखादं वाक्य ऐकू आलं नाही तरी अर्थ अडत नाही.

मजकुरात आणखी एक पथ्य आहे. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष या किल्ल्यावर कैदेत होता आणि 1661 साली इथेच त्याला मारलं. दारा शिकोहचा मुलगा सुलेमान शिकोहही इथेच कैदेत मेला. बाहेर तुम्हाला "याच खोलीत, याच कडीला" असं ऐकायला मिळेल. संहितेत "या किल्ल्यावर" असं आहे, "या खोलीत" नाही. एका शब्दाचा फरक आहे, पण पुराव्याचा आधार आहे तो पहिल्याच शब्दाला.

टूर मराठीत आहे, मग मराठ्यांचा इतिहास इतका उशिरा का येतो?

हा प्रश्न घरच्यांनीही विचारला, आणि रागावून विचारला. "आपल्या शिंद्यांचं नाव नाही आणि आलमगिरी दरवाजाने सुरुवात?" माझं उत्तर असं की दरवाजाचं नाव आलमगिरी आहे, तो 1660 मध्ये बांधला गेला आहे, आणि ऐकणारा त्याच्यासमोर उभा आहे. जे समोर नाही त्याबद्दल बोलायला लागलो की कान आणि डोळे वेगळे होतात.

पूर्वेच्या चढावरून दिसतं ते जुनं ग्वाल्हेर, मोहम्मद घौसांच्या मकबऱ्याचा घुमट, त्याच्याजवळ तानसेनाची समाधी. लष्कर नावाचा शहराचा भाग दिसत नाही. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचंच गाव झालं. ते किल्ल्याच्या दक्षिणेला आहे. आपले वाडे, आपलं महाराजवाडा चौकाचं जग तिकडे. त्यामुळे लष्करची हकिकत मी वर, दक्षिणेच्या तटाजवळच्या दुसऱ्या भागासाठी राखून ठेवली आहे. तिथे बोट दाखवून सांगता येईल.

एक अपवाद मात्र केला आहे, गणेश दरवाजाच्या सावलीत, जिथे सगळे दम खायला थांबतात. 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री महादजी शिंद्यांच्या ताब्यातला हा किल्ला इंग्रजांच्या पॉपमने शिड्या लावून घेतला. सैनिकांच्या पायांत गवताचे, कापूस भरलेले जोडे होते, आवाज होऊ नये म्हणून. महादजींनी 1783 मध्ये किल्ला परत जिंकला. हा थांबा एक मिनिटाचा आहे आणि त्यात शेवटी मी म्हणतो, "आता पुढे चालाल तेव्हा आपल्या चपलांचा आवाज ऐका." पुढची शांतता मग कोणालाच रिकामी वाटत नाही.

"हाथीपौर" की "हत्तीपोळ"? "सिंधिया" की "शिंदे"?

बोलताना आपल्या घरातला शब्द: हत्तीपोळ, शिंदे. वाट विचारायची वेळ येईल अशा ठिकाणी मात्र फितीत एकदा स्थानिक नावही येतं, कारण पहारेकऱ्याला हत्तीपोळ म्हटलेलं कळेलच असं नाही. "बादलगढ दरवाजा, याला हिंडोला दरवाजाही म्हणतात" हेही त्याचसाठी. सास-बहू मंदिराबद्दल विचारणाऱ्यांना: ते दुसऱ्या भागात येईल. त्याचं मूळ नाव सहस्रबाहूवरून आलेलं मानतात. मोठं मंदिर विष्णूचं आहे आणि त्यातला लेख 1093 सालचा आहे. सासू-सुनेची गोष्ट त्यात नाही.

नेट नसेल तर? फोनमध्ये जागा किती लागेल?

घरूनच सगळ्या फिती उतरवून घ्या. एकट्या आवाजाची फीत मिनिटाला साधारण अर्धा एमबी घेते, म्हणजे सगळं मिळून 15 एमबीच्या आत. `04a` आणि `04b` दोन्ही घ्या, तिथे दार कसं असेल ते आधी कळत नाही.

आमच्या गावच्या किल्ल्यासाठी संहिता लिहायची आहे. सुरुवात कशी करू?

आधी लिहू नका. तीनदा चाला: एकदा एकटे, एकदा साठीच्या पुढच्या कोणाबरोबर, एकदा लहान मुलाबरोबर. लोक आपणहून कुठे थांबतात ते टिपा. सावली, कठडा, पाण्याचा नळ, पहिली मोकळी हवा. थांबे तिथेच पडतात. इतिहासात महत्त्वाची पण उन्हात, अडचणीत असलेली जागा थांबा होऊ शकत नाही. तिची हकिकत जवळच्या सावलीत सांगावी लागते. प्रत्येक थांब्यावर घड्याळ लावून उभे राहा आणि पाय कधी हलायला लागतात ते बघा. तेवढी तुमची मिनिटं.

मग लिहा, फोनवर साध्या आवाजात वाचून घ्या, आणि कोणालातरी ऐकवत मागून चाला. त्याला काही विचारू नका, फक्त नजर बघा. "वर पाहा" म्हटल्यावर किती सेकंदांनी मान वर जाते? मला बहुतेक वेळा तीन-चार सेकंद लागलेले दिसले. म्हणजे "वर पाहा"नंतर लगेच बोललेलं पहिलं वाक्य वाया जातं. तिथे पाच सेकंद सोडा. चांगल्या जागी, चांगल्या आवाजात रेकॉर्डिंग करण्याचा खर्च हे सगळं झाल्यावर करा. एका ठिकाणी माझ्याकडून आधी रेकॉर्डिंग करून घेतलं आणि चालून पाहणं नंतर ठेवलं. सतरा दुरुस्त्या निघाल्या, त्यांतल्या पाचच झाल्या, आणि उरलेल्या बारा आजही लोकांच्या कानात चुकीच्या भिंतीकडे बोट दाखवत आहेत.

उतरताना काही ऐकायला आहे का?

फक्त दोन फिती आहेत. `08.mp3` हत्तीपोळेतून बाहेर पडताना लावायची: उतारावर कड्याच्या बाजूने चाला, फोन खिशात ठेवा, चतुर्भुज मंदिरापाशी थांबा. `09.mp3` तिथे लावायची. ती वीस सेकंदांची आहे. तिच्यात मी विचारतो की चढताना खाली अंथरलेली ती बाग आता कुठल्या घरांवर पडते, आणि मग गप्प बसतो.